मदत हवी आहे: पेशी तेवढ्याच, तरी आईची केमो पुढे ढकलली

आईची तिसरी केमो काल होती, पण रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी आठवडाभर थांबायला सांगितलं. मला कळेना, कारण पांढऱ्या पेशी ३,१०० होत्या आणि मागच्या वेळी ३,००० असताना केमो दिली होती. रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा फरक दिसला. मागच्या वेळी पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल ५८ टक्के होते, म्हणजे १,७४०. या वेळी ३० टक्केच, म्हणजे ९३०. जंतूंशी पहिली झुंज याच पेशी देतात, आणि आमच्या डॉक्टरांना त्या किमान १,५०० हव्यात. अस्थिमज्जा सावरायच्या आत पुढचा डोस दिला तर त्या आणखी खाली जातील आणि साधा तापही जिवावर बेतू शकतो, हे आता पटलं. प्लेटलेट दीड लाख आहेत, तिथे अडचण नाही.

आता प्रश्न. मोनोसाइट १६ टक्के आलेत, मागे ७ होते. मज्जा सावरताना हे आधी वाढतात आणि न्यूट्रोफिल मागून येतात, असं वाचलं. तुमच्या घरी कुणाच्या रिपोर्टमध्ये असं दिसलं होतं का? त्यानंतर न्यूट्रोफिल किती दिवसांत वर आले? डॉक्टरांना सोमवारी विचारणारच आहे, पण आई फार खचली आहे.