अण्णांच्या स्मृतिसभेची कार्यक्रमपत्रिका: मजकुराविषयी पत्रव्यवहार

प्रेषक: चिटणीस
विषय: कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

अण्णांची स्मृतिसभा येत्या रविवारी होत आहे. सुमारे 90 मंडळी येतील असा अंदाज आहे आणि सभागृह आपल्याला प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी एक तासच मिळणार आहे. स्वागत, एक अभंग, जीवनपटाचे वाचन, चौघांची मनोगते, कुटुंबीयांचे मनोगत, छायाचित्रे, मौन, आभार आणि पुष्पार्पण एवढे भाग ठरले आहेत. A4 कागदाची एक घडी घालून चार पानांची पत्रिका छापावी असे काकूंनी सुचवले आहे. कोणत्या पानावर काय असावे आणि प्रत्येक भागासाठी नेमका कोणता मजकूर लिहावा, याविषयी कृपया बुधवारपर्यंत सूचना द्याव्यात. घाईत लिहिलेला मजकूर काकूंच्या हाती पडू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

प्रेषक: कोषाध्यक्ष
विषय: प्रत्युत्तर – कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा

चिटणीस महोदय,

मागच्या एका सभेत दुसऱ्याच वक्त्याने वीस मिनिटे घेतली आणि शेवटी मौनासाठीही वेळ उरला नाही, हे मी विसरलेलो नाही. म्हणून प्रत्येक भागापुढे वेळ छापावी, म्हणजे '5.10 – जीवनपट', '5.16 – मनोगत' अशी, असे माझे स्पष्ट मत आहे. छापलेल्या वेळेचे बंधन वक्ता मानतो. पुष्पार्पण सुरुवातीलाच घ्यावे, म्हणजे वातावरण गंभीर होईल. मुखपृष्ठावर 'कै.' लावून अण्णांचे पूर्ण नाव घ्यावे आणि निमंत्रक म्हणून काकूंचे नाव 'सौ.' लावून खाली द्यावे.

प्रेषक: एक सभासद
विषय: प्रत्युत्तर – कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा

नमस्कार. मी खालील मजकूर तयार केला आहे: 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमचे ज्येष्ठ सभासद …… यांचे …… रोजी अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हाच मजकूर वापरला होता आणि तो सर्वांना योग्य वाटला होता. मात्र त्या वेळी पत्रिकेत आईच्या नावाआधी चुकून 'सौ.' छापले गेले. सगळ्या प्रती वाटून झाल्यावर ते तिच्या लक्षात आले आणि ती सभा संपेपर्यंत ती पत्रिका पालथी धरून बसली होती. कोषाध्यक्षांची सूचना वाचून मला ते आठवले, म्हणून लिहिले.

प्रेषक: मुद्रणाचे काम पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासद
विषय: प्रत्युत्तर – प्रत्येक पानाचा मजकूर

चिटणीस आणि सर्व मंडळी,

ताईंनी पाठवलेला मजकूर निधनवार्तेचा आहे. सभेला येणाऱ्या प्रत्येकाला ती वार्ता आधीच कळलेली असते, त्यामुळे पत्रिकेत ती पुन्हा सांगण्याची गरज नाही. परंतु 'सौ.'विषयी त्यांनी लिहिलेले अगदी खरे आहे. 'सौ.' म्हणजे सौभाग्यवती, आणि पतीच्या स्मृतिसभेच्या पत्रिकेत पत्नीच्या नावाआधी हे अक्षर येणे ही मनाला लागणारी चूक आहे. 'श्रीमती' लिहावे तर ते अक्षर प्रथमच छापील स्वरूपात तिच्यासमोर येते आणि तेही काहींना सोसत नाही. मी अशा वेळी नावाआधी काहीच न लावता 'पत्नी', 'मुलगी', 'मुलगा' असे नातेच लिहिते. 'कै.' आणि 'स्व.' यांतही परलोकाविषयीची एकेक श्रद्धा आहे. अण्णा आपली श्रद्धा बोलून दाखवत नसत, म्हणून त्यांच्यासाठी 'दिवंगत' हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. मुखपृष्ठावर त्याचीही गरज नाही, कारण खाली निधनाची तारीख असतेच. पहिल्या पानाचा मजकूर असा सुचवते:

'…… (पूर्ण नाव)
जन्म: …… निधन: ……
यांच्या स्मृतीस अभिवादन करण्यासाठी आपण सारे येथे जमलो आहोत.
रविवार, दि. ……, सायंकाळी 5 वाजता'

वेळेचा छापील उल्लेख एवढाच असावा. कोषाध्यक्षांची चिंता मला पूर्ण मान्य आहे, पण प्रत्येक भागाची वेळ छापली की पहिला वक्ता तीन मिनिटे लांबल्याबरोबर सभागृहातील प्रत्येक जण घड्याळाकडे पाहू लागतो, आणि शेवटी बोलणारी मुलगी आधीच उशीर झाला आहे या दडपणाखाली उभी राहते. वेळा सूत्रसंचालकाच्या प्रतीवर असाव्यात आणि वक्त्यांना त्या आधी कळवाव्यात. 'पाच मिनिटे' असे सांगितल्यावर माणूस मनातल्या मनात दहा मिनिटे धरतो. त्याऐवजी 'साडेपाचशे शब्द लिहून आणा' असे सांगावे, कारण संथपणे वाचताना मिनिटाला साधारण 110 शब्द होतात.

माझा हिशेब असा आहे. स्वागत 3, अभंग 5, जीवनपट 6, चार मनोगते मिळून 20, कुटुंबीयांचे मनोगत 6, छायाचित्रे 6, मौन 2 आणि आभार 3, अशी एकूण 51 मिनिटे होतात. उरलेली नऊ मिनिटे उठण्यात, व्यासपीठापर्यंत चालत येण्यात आणि गळा दाटून आल्यावर थांबण्यात जातात, आणि ती जायलाच हवीत. या तासात पुष्पार्पणाला जागा नाही. 90 जणांनी प्रत्येकी दहा सेकंद घेतले तरी पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ बाकीचे रांगेकडे पाहत बसतात. म्हणून पुष्पार्पण सभा संपल्यावर, बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवावे. चौथ्या पानावर तसे लिहावे: 'सभेनंतर ज्यांना पुष्प अर्पण करावयाचे असेल, त्यांनी दाराजवळील प्रतिमेपाशी आपल्या सवडीने करावे.'

दुसऱ्या पानावर जीवनपट असेल, परंतु जो वाचायचा तोच छापू नये. तसे केल्यास सगळे माना खाली घालून वाचणाऱ्याच्या पुढे निघून जातात आणि वाचणारा एकटा पडतो. मोठ्याने वाचण्याचा मजकूर सहाशे शब्दांच्या आसपास असावा, तर छापील सव्वाशे शब्दांत आटोपावा. पदे आणि पुरस्कार यांची यादी करण्याऐवजी जन्म, शिक्षण, कामाची ओळख आणि एक खरी सवय एवढे पुरेसे आहे. उदाहरणार्थ: 'मंडळाच्या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाला अण्णांनी स्वतःच्या हाताने वेष्टण घातले. पुस्तक परत करणाऱ्याला ते नेहमी विचारत, शेवट पटला का?' ही दोन वाक्ये मी आठवणीतून लिहिली आहेत, तेव्हा कुटुंबीयांनी ती तपासावीत.

तिसऱ्या पानावर कार्यक्रमाचा क्रम घ्यावा, कारण पत्रिका उघडल्यावर नजर उजवीकडे जाते. तेथे भागाचे नाव आणि त्याखाली गरज असेल तेवढी एकच ओळ असावी. अभंगाचे सगळे चरण छापायला जागा नाही, म्हणून पहिली ओळ द्यावी. मनोगतांखाली वक्त्यांची नावे पदव्यांशिवाय, 'सहकारी', 'शेजारी', 'विद्यार्थी' अशा नात्यासह द्यावीत. मौनाचा मजकूर मात्र पूर्ण लिहावा, कारण नेमक्या त्याच वेळी काय करावे हे कोणाला ठाऊक नसते:

'दोन मिनिटे मौन. ज्यांना शक्य आहे त्यांनी उभे राहावे. इतरांनी बसूनच सहभागी व्हावे. सूत्रसंचालक "धन्यवाद" म्हणतील तेव्हा मौन संपेल.'

शेवटचे वाक्य गाळू नये. मौन कधी संपले हे न कळल्यामुळे अर्धे लोक चाळीस सेकंदांनी खाली बसलेले मी पाहिले आहेत. संचालकानेही मनात मोजू नये, घड्याळ पाहावे.

चौथ्या पानावर आभार: 'या दिवसांत आपण दिलेली सोबत आम्ही विसरणार नाही. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलणे आज आम्हांला जमले नाही, तर कृपया समजून घ्यावे. – पत्नी, मुलगी, मुलगा आणि परिवार.' यात दुसऱ्या वाक्यामुळे काकूंवरचा भार हलका होतो.

छपाईविषयी थोडे. घडी घातलेल्या एका कागदावर बाहेरच्या बाजूला चौथे आणि पहिले पान शेजारी शेजारी येते, तर आतल्या बाजूला दुसरे आणि तिसरे. बदल होतात ते आतल्या बाजूला, वक्त्यांच्या नावांत. म्हणून छायाचित्र असलेली बाहेरची बाजू मजकूर मान्य होताच रंगीत छापून घ्यावी आणि आतली शनिवारी काळ्या शाईत छापावी. आधी एकच प्रत काढून घडी घालून पाहावी. कागद छोट्या कडेवर न उलटता लांब कडेवर उलटला, तर आतली पाने उलटी येतात. मजकूर किमान 14 पॉइंटचा असावा, कारण काना-मात्रांमुळे देवनागरी अक्षर त्याच मापाच्या इंग्रजी अक्षरापेक्षा लहान दिसते. छापखान्याला वर्डची फाइल न देता पीडीएफ द्यावी, नाही तर त्यांच्या संगणकावर जोडाक्षरे सुटतात. तपासताना 'श्रद्धांजली' हा शब्द आधी पाहावा: त्यात द खाली ध आहे, पण पुष्कळदा 'श्रध्दांजली' असे टंकले जाते. 'स्मृती' सुटा असताना दीर्घ, पण 'स्मृतिसभा' या समासात ऱ्हस्व.

प्रेषक: अण्णांची मुलगी
विषय: प्रत्युत्तर – प्रत्येक पानाचा मजकूर

मावशी, मी आईला सगळा मजकूर वाचून दाखवला. नावाआधी काही नको, नुसते नाते लिहा, असे तिने लगेच सांगितले. वेष्टणांची आठवण खरी आहे, पण अण्णा 'शेवट पटला का' असे विचारत नसत; 'कुठे अडलात' असे विचारत. कृपया तेवढे बदलावे. माझ्या मनोगताचे मी साडेसहाशे शब्द लिहिले होते, मोठ्याने वाचले तर साडेआठ मिनिटे लागली, कारण तीन ठिकाणी मला थांबावे लागले. आणखी एक अडचण आहे. अण्णांच्या कार्यालयातील दहा-बारा जण येतील आणि त्यांना मराठी येत नाही. त्यांच्यासाठी क्रम इंग्रजीतही द्यावा असे मला वाटते, तर पत्रिका पूर्ण मराठीच असावी असे भावाला वाटते.

प्रेषक: कोषाध्यक्ष
विषय: प्रत्युत्तर – प्रत्येक पानाचा मजकूर

'सौ.'ची चूक माझ्या लक्षात आली नाही, याबद्दल काकूंची मनापासून क्षमा मागतो. वेळा न छापण्याचेही मान्य करतो, मात्र संचालकाच्या प्रतीवर त्या ठळक असाव्यात आणि वक्त्यांना शब्दांची मर्यादा कळवण्याचे काम मी स्वतः करीन. पुष्पार्पण शेवटी ठेवणे मला अजून पटलेले नाही. निदान कुटुंबीयांनी तरी सुरुवातीला फुले वाहावीत.

प्रेषक: मुद्रणाचे काम पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासद
विषय: प्रत्युत्तर – शेवटचा मसुदा

कोषाध्यक्षांची सुधारणा योग्य आहे. कुटुंबातील तिघांनी फुले वाहिली तर अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागणार नाही, म्हणून 'स्वागत'च्या खाली 'कुटुंबीयांकडून पुष्पार्पण' ही ओळ घेते.

बाळा, तुझ्या मनोगताचे शब्द कमी करू नकोस. थांबण्याचा वेळ धरून तुझ्यासाठी नऊ मिनिटे ठेवते आणि छायाचित्रांचा भाग सहाऐवजी तीन मिनिटांचा करते. ती चित्रे मंडळी बसत असतानाही दाखवता येतील. 'कुठे अडलात' असा बदल केला आहे. इंग्रजीचा निर्णय तुम्हां भावंडांचा आहे. चौथ्या पानावर आभारांखाली सहा ओळींची जागा मोकळी ठेवली आहे, आणि ती रिकामी राहिली तरी पान अपुरे दिसणार नाही. बाहेरची बाजू शुक्रवारी दुपारी छापायला जाईल, तेव्हा सकाळपर्यंत कळवावे.