व्हेंडरला टीम्समध्ये किती दाखवायचं आणि किती दिवस?

चाकणकर
ऑटो पार्ट्सचा कारखाना आहे. फिक्स्चर डिझाइनसाठी भोसरीच्या एका व्हेंडरचे दोघे तीन महिने आमच्या मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये हवेत. त्यांना फक्त त्यांचीच ड्रॉइंग्ज दिसावीत. माझं मत: चालू टीममध्येच एक प्रायव्हेट चॅनल काढून त्यांना त्यात घ्यावं, काम संपलं की नाव उडवावं. मुदतबिदत घालणं ही उगाच डोकेदुखी आहे. पटतंय का?

हिंजवडी फेज २
चॅनलचं ठीक आहे, पण मुदत घालाच. टीम्सच्या फाइल्स जिथे राहतात त्या शेअरपॉइंटच्या अ‍ॅडमिन पानावर गेस्टचा अ‍ॅक्सेस ठरावीक दिवसांनी आपोआप संपवायची सोय आहे. ती चालू करा, आकडा ९० ठेवा आणि विसरा.

सिंहगड रोड
दोघांचंही पटत नाही. प्रायव्हेट चॅनलमध्ये माणूस घ्यायचा तर तो आधी त्या टीमचा सदस्य असावा लागतो. म्हणजे व्हेंडर आत आला की साधी सगळी चॅनल्स, त्यातल्या जुन्या गप्पा आणि फाइल्स त्याच्यासमोर उघड्या. कॉस्टिंगचं चॅनल साधं असेल तर तेही. प्रायव्हेट चॅनल इतरांपासून व्हेंडरचं काम लपवतं, व्हेंडरपासून तुमचं काही लपवत नाही. तुम्हाला हवंय ते नेमकं उलटं.

मुदतीचंही तसंच. शेअरपॉइंटची ती सोय लिंकने किंवा थेट परवानगीने आलेल्या गेस्टला लागते. टीमचा सदस्य म्हणून आलेल्याला तिने काही फरक पडत नाही. ९० दिवस उलटले तरी तो आत बसलेला असतो आणि सगळे समजतात की गेला.

शेअर्ड चॅनलमध्ये टीमचा सदस्य न होता येता येतं, पण त्यासाठी समोरच्याकडेही कंपनीचं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं आणि दोन्हीकडच्या अ‍ॅडमिनना दार उघडावं लागतं. भोसरीचा माणूस जीमेलवरून येणार असेल तर हा रस्ता बंदच.

म्हणून वेगळी टीम काढा. त्यात तुमचे दोन डिझाइनर, त्यांचे दोघे, बास. ड्रॉइंग्ज मूळ टीममधून लिंकने देऊ नका, त्या टीममध्ये प्रत ठेवा. लिंक दिलीत तर टीममधून नाव काढल्यावरही ती लिंक वेगळी जिवंत राहते. निमंत्रण द्यायच्या आधी एखादा खाजगी ईमेल गेस्ट म्हणून जोडून त्या खात्याने आत जाऊन बघा. व्हेंडरला काय दिसणार ते पाच मिनिटांत कळतं.

सदाशिव पेठ
आम्ही गूगल ड्राइव्हवर फोल्डरची लिंक देतो आणि महिन्याची तारीख घालतो. एवढं सोपं असताना टीम्सचा घोळ कशाला?

सिंहगड रोड
चाकणकरांचा प्रश्न टीम्सचा आहे, पण असो. ड्राइव्हमध्ये तारीख नाव घालून दिलेल्या माणसालाच लागते. 'लिंक असलेला कोणीही' ठेवलं असेल तर तारीख घालता येत नाही. तुमचं कुठलं आहे ते एकदा उघडून बघा.

पर्चेसवाला
वेगळी टीम मान्य. तारखेला मात्र माझा ठाम विरोध. फिक्स्चरची ट्रायल कधी वेळेवर होते? शनिवारी संध्याकाळी अ‍ॅक्सेस बंद पडला आणि आयटीवाला सोमवारी येणार असेल, तर लाइनवरचा माणूस ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. मग ते ड्रॉइंग कोणाच्या फोनमध्ये आहे, याचा हिशोब कोण ठेवणार?

सिंहगड रोड
मुद्दा रास्त आहे. म्हणून ऑर्डर संपायच्या तारखेवर आणखी १५ दिवस धरा आणि टीमला दोन मालक ठेवा, एक पर्चेसचा, एक डिझाइनचा. ट्रायल लांबली तर तारीख पर्चेसवाल्यानेच पुढे सांगायची. मायक्रोसॉफ्टची खाती जिथे सांभाळली जातात त्या एन्ट्रामध्ये ठरावीक काळाने मालकाला 'हा माणूस अजून हवा का' असं विचारणारी सोय आहे, पण तिला वरचं लायसन लागतं. नसेल तर कॅलेंडरमध्ये तारीख टाका, साधी गोष्ट.

काढतानाही नुसतं टीममधून काढून भागत नाही. गेस्टचं खातं एन्ट्रामध्ये तसंच राहतं आणि त्याच्याशी झालेलं थेट चॅटही चालू राहू शकतं. खात्याचं साइन-इन आधी बंद करा आणि आठवडाभर कोणी ओरडलं नाही तर खातं डिलीट करा. चुकून डिलीट झालं तरी ३० दिवसांत परत आणता येतं.

हिंजवडी फेज २
सदस्याला ती मुदत लागत नाही हे माहीत नव्हतं. पण मग डाउनलोड बंद करून दिलं तर? फाइल बाहेरच जाणार नाही.

सिंहगड रोड
वर्ड, पीडीएफसारख्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या फाइलसाठी ते चालतं. स्टेप फाइल त्याला त्याच्या कॅडमध्ये उघडायचीच आहे, म्हणजे डाउनलोड होणारच, आणि उतरलेल्या फाइलवर कुठलीही तारीख चालत नाही. म्हणून पूर्ण असेंब्ली देऊच नका. फिक्स्चर ज्या पार्टला पकडतं तेवढाच पार्ट द्या, त्यातही लोकेटिंग आणि क्लॅम्पिंगचे पृष्ठभाग आणि त्यांचे टॉलरन्स असले की झालं.

पर्चेसवाला
आजूबाजूचे पार्ट दिसले नाहीत तर क्लॅम्प कुठेतरी आपटणार, आणि त्या रीवर्कचं बिल माझ्या टेबलावर येणार.

चाकणकर
प्रायव्हेट चॅनलचा बेत रद्द, वेगळी टीम काढतो. आजूबाजूचं किती दाखवायचं हे डिझाइनला विचारावं लागेल, त्यावर आमच्याकडेच एकमत नाही.