'सीतेने आंबा खाल्ला': क्रियापद कर्त्याला वगळून आंब्याकडे का बघतं?

जुना बाक: मर्ज म्हणजे जोडणं आणि अ‍ॅग्री म्हणजे जुळवणं, या दोन क्रियांवर कुठल्याही भाषेतलं वाक्य उभं राहतं, असा भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीच्या अनुयायांचा दावा. मला तो मराठीच्या बाबतीत ओढूनताणून आणलेला वाटतो. 'सीतेने आंबा खाल्ला' मध्ये क्रियापद सरळ आंब्याशी जुळतं. इंग्रजीच्या मापाचा सदरा आपल्याला कशाला?

वाक्यफोड्या: हेच वाक्य बांधून बघू. बांधणी खालून होते. 'खा' आणि 'आंबा' एकत्र आले, हा पहिला मर्ज. त्या गाठोड्यावर छोटा व्ही बसतो, म्हणजे 'हे कोणीतरी करतंय' एवढंच सांगणारा, उच्चार नसलेला घटक. मग सीता येऊन जोडली जाते, आणि क्रिया पूर्ण झालेली असल्यामुळे तिला 'ने' मिळतो. सगळ्यात वर काळाचा घटक, टी. त्याच्याकडे लिंग आणि वचन असे दोन रकाने असतात, दोन्ही रिकामे. ते भरायला तो खाली शोध घेतो. हा शोध म्हणजे अ‍ॅग्री.

पहिली भेटते सीता. पण तिच्या अंगावर 'ने' आहे, आणि मराठीतला टी 'ने'वाल्याकडून काही घेत नाही. तो पुढे सरकतो, आंबा सापडतो: पुल्लिंगी, एकवचनी. म्हणून 'खाल्ला'. आंब्याच्या जागी पोळी ठेवा, 'खाल्ली' होईल. 'सीता आंबा खाते' मध्ये मात्र 'ने' नाही, म्हणून शोध पहिल्याच दारात थांबतो. यंत्र तेच, कडी लागलेलं दार तेवढं वेगळं.

निवृत्त मास्तरीण: अहो, हे आम्ही सातवी-आठवीत शिकवत होतो! पहिलं कर्मणी, दुसरं कर्तरी. आणि 'सीतेने बोक्याला हाकललं' हा भावे. नवं काय सांगितलंत? शिवाय बोलताना मी 'सीतेने' आधी म्हणते, तुम्ही 'आंबा खा'पासून सुरू करता. असं कोण बोलतं?

वाक्यफोड्या: बाई, तोंडातून शब्द कोणत्या क्रमाने येतात त्याच्याशी या पायऱ्यांचा संबंध नाही. मर्ज फक्त कोण कोणाच्या पोटात आहे ते ठरवतं. प्रयोगांचं म्हणाल तर तीन नावं बरोबरच आहेत, पण 'सीता आंबा खातो' असा चौथा प्रकार का नाही, ते नावांतून कळत नाही. शोधातून कळतं: मोकळी सीता वर उभी असताना टी तिला ओलांडून आंब्यापर्यंत पोचूच शकत नाही.

भावेचा मुद्दा मात्र आमच्याच वर्मावर आहे. 'ने' आणि 'ला', दोन्ही दारं बंद. चॉम्स्कीच्या 2000 च्या सुमाराच्या मांडणीप्रमाणे रकाने रिकामे राहिले तर वाक्य कोसळायला हवं. पण 'हाकललं' ठणठणीत उभं आहे, नपुंसकलिंगी एकवचन घेऊन. भाषाशास्त्रज्ञ ओमर प्रेमिंजर यांनी 2014 मध्ये मांडलं की शोध घेणं सक्तीचं, सापडणं नाही. मला ते पटतं.

सीमेवरचा: आमच्याकडे, सोलापूरच्या खाली, घरात 'मी काम केलो' म्हणतात. शाळेत यावरून छड्या खाल्ल्यात. पण या हिशेबाने आम्हीच बरोबर की! 'मी'ला कुठे आहे 'ने'? मग प्रमाण भाषेत 'मी काम केलं' कसं?

वाक्यफोड्या: तुमचं वाक्य नियमातच बसतं. प्रमाण मराठीतल्या 'मी'ला 'ने' आहे, फक्त ऐकू येत नाही. 'मी गाढवाने त्याचं ऐकलं' म्हणून बघा. गाढवाला 'ने' लागला तो 'मी'शी जोडी आहे म्हणूनच. आणि 'ने'वाला वर्ज्य हा काही जगाचा नियम नाही. नेपाळीत 'मैले भात खाएँ': 'ले' लागलेला कर्ताच क्रियापद ठरवतो.

जुना बाक: गाढव आवडलं. आता हे सोडवा: 'तू गाढवाने सगळे आंबे खाल्लेस.' 'खाल्ले' आंब्यांचं, शेवटचा 'स' तुझा. 'तू'चं दार बंद असेल तर 'स' आला कुठून?

निवृत्त मास्तरीण: कर्तृकर्मसंकर! क्रियापद कर्ता आणि कर्म, दोघांशी जुळतं तो प्रयोग.

वाक्यफोड्या: नाव पुन्हा तुमच्याकडे तयार आहे. दोन वाटा दिसतात. एक, पुरुषाचा शोध घेणारा घटक वेगळा, आणि त्याला 'ने'ची आडकाठी नाही. पण मग 'मी आंबे खाल्ले' मध्ये 'मी'चं काहीच का उमटत नाही? दुसरी, 'स' ही जुळणी नसून क्रियापदाला चिकटलेला 'तू'चाच तुकडा आहे. पण तोच 'स' 'तू खातोस' मध्येही आहे, आणि तिथे तर टी कर्त्याशी रीतसर जुळलेला असतो. मी पहिल्या वाटेकडे झुकतो, पैज मात्र लावणार नाही.

जुना बाक: म्हणजे सदरा अजून बाहीत अडकतोय.