शब्दचर्चा: थर्मल कॅमेऱ्याला 'धुराच्या आरपार दिसतं' असं म्हणावं का?

अनुवादिका: अग्निशमन जवानांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत करतेय. धुराने भरलेल्या खोलीत अडकलेला माणूस शोधायला थर्मल इमेजिंग कॅमेरा कसा वापरायचा, असा धडा आहे. मी लिहिलंय, "या कॅमेऱ्यामुळे जवानाला धुराच्या आरपार दिसते आणि माणूस पांढरा उठून दिसतो." दोन शंका आहेत. यंत्राला मराठी शब्द काय वापरू? आणि 'आरपार' चालेल का? वाचायला बरं वाटतंय, पण मनात खुटखुट आहे.

भाषाप्रेमी: 'उष्णताचित्रक' सुचवतो. 'औष्णिक कॅमेरा' नको, 'औष्णिक' म्हटलं की वीजकेंद्रच डोळ्यांपुढे येतं. 'आरपार' मला योग्य वाटतं. क्ष-किरण जसे मांसातून जाऊन हाड दाखवतात, तसे हे अवरक्त किरण धुरातून जाऊन माणूस दाखवतात.

शिडी: मी अग्निशमन सेवेत बावीस वर्षं काढली, त्यातली बरीच नव्या मुलांना शिकवण्यात. भाषाप्रेमी, अर्धं बरोबर आहे तुमचं. क्ष-किरण यंत्र स्वतः किरण सोडतं. हा कॅमेरा काहीच सोडत नाही. भिंत, पलंग, माणूस, प्रत्येक गोष्टीतून अवरक्त किरण बाहेर पडतच असतात, ते हा फक्त टिपतो. धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनच्या आतबाहेर असतात. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर त्याहून लहान, 0.4 ते 0.7 मायक्रॉनची. म्हणून तो प्रकाश त्या कणांवर विखुरतो आणि टॉर्च लावली तरी पुढे करडी भिंतच दिसते. कॅमेरा टिपतो त्या लहरी 8 ते 14 मायक्रॉनच्या, त्या बारीक कणांना फारशा जुमानत नाहीत.

पण हे चालतं ते धुरापुरतं. काच, दार, रजई, पाण्याचा पातळ थर, यांतल्या कशातूनही त्या लहरी येत नाहीत. कॅमेऱ्याच्या भिंगालाही साधी काच चालत नाही, ते जर्मेनियमचं असतं. नोझल मारल्यावर खोलीत वाफ आणि तुषार भरले तरी चित्र पुसट होतं, कारण पाण्याचे थेंब धुराच्या कणांहून बरेच मोठे असतात.

म्हणून 'धुरातून दिसतं' लिहा, 'आरपार' काढा. 'आरपार' वाचलेला मुलगा पांघरुणाच्याही आरपार दिसेल असं धरून चालतो. मी ते पाहिलंय.

रातकिडा: पण आमच्या सोसायटीचा सीसीटीव्ही रात्री अंधारात दिसतो तोही इन्फ्रारेडच ना? मग तोच वापरला तर स्वस्तात होईल. आणि शब्दही तयार आहे, 'रात्रदर्शी कॅमेरा'.

शिडी: रातकिडा, नाव एक असलं तरी जात वेगळी. तो कॅमेरा स्वतःचे छोटे दिवे लावतो, साधारण 0.85 मायक्रॉनचे, आणि परत आलेला उजेड पाहतो. धुरात तो उजेड कणांवर आपटून तोंडावरच परत येतो, दाट धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखा. 'रात्रदर्शी' इथे नको. इथे अडचण अंधाराची नाही, धुराची आहे.

अनुवादिका: शिडीकाका, पांघरुणाचं काय पाहिलंत ते सांगाल का? पुस्तिकेत त्यावर एकच ओळ आहे.

शिडी: सरावाची खोली होती. कृत्रिम धूर, म्हणजे थंड धूर. आत पलंग, खुर्ची आणि पलंगापलीकडे आरसा बसवलेलं कपाट. आमचाच एक स्वयंसेवक मुखवटा लावून जाड रजई ओढून भिंतीकडे तोंड करून झोपलेला. त्याआधी तो दहाएक मिनिटं खुर्चीत बसला होता.

मुलगा दारात गुडघ्यावर बसला. शिकवल्याप्रमाणे कॅमेरा आधी छताकडे, मग मध्यावर, मग जमिनीलगत सावकाश फिरवला. इथवर उत्तम. मग ओरडला, "माणूस दिसला, बसलेला आहे!" भिंत सोडून सरळ पुढे गेला आणि कपाटावर आपटला. दिसलेला माणूस तो स्वतःच होता. या लहरींसाठी आरशामागचा चांदीचा थर बिनकामाचा असतो, त्या तिथवर पोचतच नाहीत. पण पुढची गुळगुळीत काच त्यातल्या थोड्या परत फेकते. प्रतिबिंब फिकट येतं, तरी थंड खोलीत ओळखू येण्याइतकं येतं. चकचकीत स्टीलचं कपाट असतं तर आणखी ठळक आलं असतं.

मग त्याला खुर्चीवर पांढुरका डाग दिसला. खुर्चीखाली, मागे हात फिरवला, कोणी नाही. तो डाग म्हणजे स्वयंसेवकाच्या बैठकीची उरलेली ऊब. तो खोटा नव्हता, नुकतंच इथे कोणी होतं हे खरंच सांगत होता, पण माणूस तिथे नव्हता. पलंगाकडे त्याने कॅमेरा वळवला तेव्हा करड्या रंगाचा सपाट ठोकळा दिसला, मधे किंचित उजळ. कॅमेरा रजईचा वरचा पदर दाखवत होता आणि तो जेमतेम खोलीइतकाच कोमट होता. मुलाने वळसा घातला आणि बाहेर येऊन सांगितलं, "खोली रिकामी."

त्यानंतर मी एक सवय लावली. चित्रात माणूस वाटला तर आपला हात हलवायचा, आकृतीनेही हलवला तर ते प्रतिबिंब. आणि पलंग, सोफा, पडद्यामागची जागा चित्रात कितीही रिकामी दिसली तरी हाताने चाचपायचीच. कॅमेरा कुठे जायचं ते सांगतो. एक हात किंवा पाय भिंतीला ठेवायचं जुनं शिक्षण सुटता कामा नये. बॅटरी गेली तर परतीची वाट तीच.

भाषाप्रेमी: क्ष-किरणांची उपमा मागे घेतो. पण मग "माणूस पांढरा दिसतो" हेही तपासायला हवं. जास्त गरम ते पांढरं असा नियम असेल, तर जळत्या खोलीत भिंती माणसापेक्षा तापतील आणि माणूस काळा दिसेल. "तापलेल्या खोलीत माणूस काळा दिसतो" असं लिहिलं की झालं.

शिडी: दिशा बरोबर, पण "झालं" म्हणू नका. त्वचा साधारण 33–34 अंशांची. जमीन 25 ची असेल तर माणूस उजळ, 50 ची असेल तर गडद, आणि मधे एक टप्पा असा येतो की माणूस जमिनीत मिसळून जातो. त्यात अंगावरचे कपडे खोलीबरोबर तापत जातात, म्हणजे एकाच माणसाचे हात गडद आणि सदरा उजळ असंही दिसतं. रंगापेक्षा आकार शोधा असं मी शिकवतो. हाताचा कोन, पावलाची गोलाई.

दुसरी गोष्ट पुस्तिकेत हवीच. चित्रात खूप तापलेलं काही आलं, बऱ्याच कॅमेऱ्यांत साधारण 150 अंशांच्या पुढचं, की कॅमेरा आपोआप कमी संवेदनशील होतो. ज्वाळा पांढऱ्याफटक होऊन चित्र वाया जाऊ नये म्हणून ही सोय असते. पण त्या अवस्थेत पाच-दहा अंशांचा फरक दिसेनासा होतो, आणि माणूस ओळखायचा तो नेमका त्याच फरकावर. पडद्याच्या कडेला एक छोटी खूण बदलते, कंपनीगणिक वेगळी. ती पाहायची सवय नसेल तर मुलगा ज्वाळा आणि जमीन एकाच चौकटीत धरतो आणि जमिनीवर कोणी नाही असं समजतो. उपाय सोपा आहे. कॅमेरा खाली वळवून चौकटीत फक्त जमीन घ्यायची आणि खूण पूर्वीसारखी होईपर्यंत क्षणभर थांबायचं.

तारजोडणी: मी इलेक्ट्रिकल पॅनेल तपासतो, आगीचं मला काही कळत नाही. पण पुस्तिकेत "कॅमेरा तापमान दाखवतो" असं वाक्य असेल तर कृपया बदला. एका पॅनेलमधल्या चकचकीत तांब्याच्या पट्टीवर माझा कॅमेरा 40 अंश दाखवत होता. त्याच पट्टीवर आधीच कोणी काळी टेप चिकटवून ठेवली होती, तिच्यावर 85. पट्टी एकच! चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो आणि आजूबाजूचे परावर्तित करतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. आम्ही याला सरळ एमिसिव्हिटी म्हणतो.

भाषाप्रेमी: त्याला 'उत्सर्जकता' हा शब्द आहे.

शिडी: तारजोडणी, हे आमच्याही उपयोगाचं आहे. स्टीलच्या चकचकीत दारावर कमी आकडा दिसला म्हणून पलीकडे आग नाही असं ठरवणारे मी पाहिलेत. आणखी एक. तो आकडा हवेचा कधीच नसतो. डोक्यावर तापलेले वायू साचलेले असतात, आणि आकडा समोरच्या भिंतीचा असतो. भिंत तापायला वेळ लागतो, म्हणून आकडा मागे राहतो आणि खोली पुढे गेलेली असते. जमिनीचंही तेच. गालिचा आणि फरशीखाली आग असली तरी वरचा पदर बराच वेळ थंड दिसू शकतो. चित्रात गार दिसली म्हणून जमीन भार पेलेल असं समजायचं नाही.

अनुवादिका: मग असं लिहू का? "हा कॅमेरा समोरच्या पृष्ठभागांच्या उष्णतेतला फरक चित्ररूपाने दाखवतो. धुरातून दिसते, मात्र काच, पांघरूण वा पाणी यांच्या पलीकडचे दिसत नाही. पडद्यावरचा आकडा हा पृष्ठभागाच्या तापमानाचा अंदाज समजावा." आणि यंत्राला 'उष्णताचित्रक'?

शिडी: वाक्यं झकास. शब्दाबद्दल मात्र मी अडून बसणार. बीए सेटच्या, म्हणजे श्वसनयंत्राच्या मुखवट्यातून, वॉकीटॉकीवर 'उष्णताचित्रक' कोण म्हणणार? मुलं 'टीआयसी' किंवा नुसतं 'कॅमेरा' म्हणतात.

भाषाप्रेमी: बोलताना म्हणोत की. छापील शब्द हा बोलीतल्या शब्दापेक्षा वेगळा असू शकतो, आणि 'उष्णताचित्रक' वाचताच हे उष्णतेचं चित्र आहे, वस्तूचं नाही, हे कळतं. तुमचाच मुद्दा त्यात आलाय.

शिडी: मुद्दा आलाय हे मान्य. शब्द गळी उतरत नाही.

अनुवादिका: मथळ्यात 'उष्णताचित्रक' आणि आत 'थर्मल कॅमेरा' ठेवते, संपादक काय म्हणतात बघू. शेवटची शंका. शोध संपल्यावर कळवायचं वाक्य मी "खोली पाहिली" असं केलंय. बरोबर?

शिडी: नाही. हे आधीच विचारायला हवं होतं तुम्ही. त्या रजईच्या मुलाने खोली पाहिलीच होती. दोन वेगळी वाक्यं द्या. कॅमेरा फिरवून झाला असेल तर "खोली पाहिली", म्हणजे हाताने शोध बाकी आहे. पलंग, पलंगाखाली, दारामागे हात फिरला असेल तरच "खोली चाचपली".

तारजोडणी: 'चाचपली' आणि 'पाहिली' गोंगाटात सारखे ऐकू येतील की.

शिडी: हं, ते खरं आहे. उद्या मुखवटे लावून मुलांकडून दोन्ही म्हणवून बघतो.