मदत हवी आहे: हृदयातील गाठ कर्करोगाची नाही, तरी शस्त्रक्रियेची एवढी घाई का?

सायली: माझ्या मोठ्या बहिणीच्या इकोमध्ये ४ सेंटिमीटरची गाठ दिसली असून ती मिक्झोमा असावी, असे डॉक्टर म्हणतात. गाठ कर्करोगाची वाटत नाही, पण याच आठवड्यात छाती उघडून ती काढावी लागेल, असे त्यांनी सांगितले आहे. साध्या गाठीसाठी इतकी घाई का? औषधाने ती विरघळणार नाही का?

वसंत: माझ्या वडिलांच्या हृदयातली अशीच गाठ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी तीन महिन्यांत नाहीशी झाली. आधी तेच करून पाहावे.

मुक्ता: वसंतराव, ती बहुधा रक्ताची गुठळी असावी, मिक्झोमा ही वाढणारी पेशींची गाठ असल्यामुळे त्या गोळ्यांनी विरघळत नाही. सायलीताई, गाठ कुठे चिकटली आहे आणि बहिणीला नेमका काय त्रास होतो, हे आपण लिहिलेच नाही.

सायली: वय ४६. अहवालानुसार गाठ डाव्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने चिकटलेली आहे आणि दर ठोक्याला मायट्रल झडपेत उतरते. उठून बसले की तिला दम लागतो, आडवे झाले की बरे वाटते.

मुक्ता: मग घाईचे कारण अहवालातच आहे. उभे राहिल्यावर किंवा बसल्यावर लोंबणारी गाठ झडपेच्या तोंडाशी येते आणि खालच्या कप्प्यात जाणारे रक्त अडते, म्हणून दम लागतो. वाट पूर्ण बुजली तर माणूस जागीच कोसळू शकतो. दुसरा धोका तुकड्यांचा आहे. ही गाठ जेलीसारखी ठिसूळ असल्यामुळे तिचा कण सुटून थेट मेंदूत जाऊ शकतो. मध्येच कधी बोलणे अडखळले होते का?

रोहिणी: माझ्या भाच्याच्या हृदयातल्या गाठी जन्मापासून होत्या आणि शस्त्रक्रियेविना आक्रसल्या. थांबून पाहायला काय हरकत आहे?

मुक्ता: लहान मुलांमधल्या ऱ्हॅब्डोमायोमा गाठी पुष्कळदा तशा आक्रसतात, मिक्झोमा मात्र तसा आक्रसेल या भरवशावर थांबता येत नाही.

सायली: पंधरा दिवसांपूर्वी चहाचा कप तिच्या उजव्या हातातून निसटला आणि दहाएक मिनिटे तिला शब्द सापडत नव्हते. आम्ही ते अशक्तपणावर ढकलले, डॉक्टरांनाही सांगितले नाही.

मुक्ता: हे आजच शल्यचिकित्सकांना सांगा. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या बायपास यंत्रावर असताना रक्त पूर्ण पातळ ठेवावे लागते, त्यामुळे मेंदूत ताजी इजा असेल तर तिथे रक्तस्राव होण्याची भीती असते. आधी मेंदूचा एमआरआय हवा.

वसंत: म्हणजे थांबायलाच हवे, मी तेच म्हणत होतो.

मुक्ता: तसे नाही. इजा मोठी असेल तर काही जण थांबतात, लहान असेल तर दुसरा तुकडा सुटण्याआधी काढणे अनेकांना श्रेयस्कर वाटते, आणि यावर शल्यचिकित्सकांतही मतभेद आहेत. गाठ काढताना देठाबरोबर पडद्याचा थोडा भागही काढतात, कारण मूळ राहिले तर ती पुन्हा येऊ शकते.

सायली: एमआरआय उद्या सकाळी ठरला आहे. तोवर तिला एकटीला उठू देणार नाही.