बोनसची नोटीस नव्याने लिहितेय, मदत हवी आहे

मृणाल_हिशेब: नाशिकजवळच्या एका कारखान्यात पगारपत्रक मी बघते. 34 कामगार आहेत. गेल्या दिवाळीत बोर्डावर एवढंच लावलं होतं: "सर्वांना दिवाळीपूर्वी एक पगार बोनस." आमच्या वेल्डरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000, बाकीचे भत्ते धरून 18,500. त्याने 18,500 धरले, आम्ही 14,000 दिले. तो अजून नीट बोलत नाही. शिवाय जुलैत नोकरी सोडलेला एक जण दिवाळीत गेटवर येऊन उभा. यंदा काय लिहू?

शिंदे_भोसरी: सोपं आहे. "वाटपाच्या दिवशी नोकरीत असेल त्यालाच" ही ओळ घाला.

जुना_टाइमकीपर: शिंदे, ती ओळ अर्ध्याच पैशांना लागते. हिशेबाच्या वर्षात 30 दिवस काम भरलं की कायद्याच्या बोनसवर हक्क आला. मार्चपर्यंत काम करून जुलैत गेलेल्यालाही तो द्यावाच लागतो. चोरी, अफरातफर, मारहाण अशा कारणाने बडतर्फ झालेल्याची गोष्ट वेगळी.

मृणालताई, "एक पगार" हे शब्दच काढा. वेल्डरचे 14,000 गुणिले 12, म्हणजे 1,68,000. त्याचे 8.33 टक्के होतात 13,994. तुम्हाला 18,500 द्यायचेच असतील तर वरचे 4,506 सानुग्रह म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा. नोकरीत असण्याची अट फक्त त्या 4,506 ला लावा.

सुनीता_क: आमच्या सोसायटीच्या वॉचमनला आम्ही दिवाळीला पाकीट देतो. त्यालाही टक्केवारी लावायची का?

जुना_टाइमकीपर: नाही हो, ती तुमची बक्षिसी. वॉचमन एजन्सीचा असेल तर बोनस एजन्सीने द्यायचा.

बोनस कधी देणार, ते लिहायचं राहिलं. 2025 ला लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 ला 8 नोव्हेंबरला आहे. "दिवाळीपूर्वी" म्हटलं की प्रत्येक जण आपापली तारीख धरतो. "ऑक्टोबरच्या पगारासोबत" हेही फसवं, कारण तो पगार हातात पडतो नोव्हेंबरात. थेट तारीख टाका. मार्चअखेरचं वर्ष असेल तर कायद्याची मुदत 30 नोव्हेंबरपर्यंत असते.

मृणाल_हिशेब: असं लिहिलंय, बघा:

"1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळात मिळालेल्या मूळ पगार व महागाई भत्त्याच्या 8.33 टक्के बोनस 30 ऑक्टोबर 2026 पर्यंत बँक खात्यात जमा होईल. या काळात किमान 30 दिवस काम केलेल्या, नंतर नोकरी सोडलेल्या कामगारांनाही तो मिळेल. सानुग्रह रक्कम वेगळी असून ती 30 ऑक्टोबरला नोकरीत असलेल्यांनाच मिळेल. ती दरवर्षी मिळेलच असे नाही."

शिंदे_भोसरी: माझं अर्धंच बरोबर होतं. आमचीही नोटीस बदलतो.

जुना_टाइमकीपर: मधेच लागलेल्यांसाठी एक उदाहरण खाली टाका. 1 ऑक्टोबर 2025 ला 14,000 वर लागलेल्याचे सहा महिन्यांच्या 84,000 वर 6,997. आकडा दिसला की कोणी विचारायला येत नाही. शेवटच्या ओळीबद्दल मात्र मला खात्री नाही. सानुग्रह किती वर्षं सलग दिलंय?

मृणाल_हिशेब: नऊ.

जुना_टाइमकीपर: मग युनियन म्हणेल, ही प्रथाच झाली. नोटीस लावण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला ती एक ओळ दाखवा.