प्रतिसाद : अर्जात एकच केस, पण पूर्ण

«बी.व्ही.एस्सी. झालंय, क्लिनिकला अर्ज करतोय. ‘विविध केसेस हाताळल्या, मालकांशी उत्तम संवाद’ एवढं पुरेल का?»

नाही, असं सगळेच लिहितात. त्यापेक्षा पार्व्होची एक केस चार-पाच ओळींत मांडा. उदाहरणार्थ: तीन महिन्यांचं, ५ किलोचं पिल्लू, लसीकरण अपुरं, उलट्या आणि रक्ताचे जुलाब. विष्ठेची किट टेस्ट पॉझिटिव्ह, डिहायड्रेशन अंदाजे ८ टक्के, म्हणजे तूट ४०० मिली. ती सलाईनने भरताना रोजची गरज आणि चालू जुलाबातलं नुकसान वेगळं धरलं, हेही लिहा. नुसतं ‘सलाईन लावलं’ वाचून तुमचा विचार कळत नाही. सलाईन तुम्ही ठरवलं की वरिष्ठांनी, तेही स्पष्ट सांगा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा तोच येतो.

मालकाशी काय बोललात, ते शब्दशः द्या: “वाचेल अशी खात्री आत्ता देता येत नाही. पहिले तीन-चार दिवस नाजूक आहेत. सकाळ-संध्याकाळ मीच फोन करीन.” खर्चाचा अंदाज ॲडमिट करण्याआधी दिला आणि संमती लेखी घेतली, हे जरूर लिहा, कारण क्लिनिकमधली बहुतेक भांडणं बिलावरूनच होतात. मालकाचं नाव मात्र गाळा. पिल्लू दगावलं असेल तरी केस चालते.